हरलेल्यांमधला पहिला

साशंक : स्पर्धेतला दुसरा कसा शोधायचा, हा प्रश्नच मला मुळात फुगवलेला वाटतो. बाद फेरीच्या स्पर्धेत शेवटी दोघं उरतात. जिंकला तो पहिला, हरला तो दुसरा. ३२ खेळाडू असले तर ३१ सामन्यांत दोन्ही बक्षिसं वाटून मोकळं व्हायचं. गावोगावच्या स्पर्धा अशाच चालतात आणि उपविजेत्याच्या चषकावरून कुणी कोर्टात गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

उत्साही : कोर्टात नाही, पण वर्तमानपत्रात एक जण गेला होता. १८८३ मध्ये, इंग्लंडमध्ये. चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डचे गणिती, ‘लुईस कॅरल’ या नावानं ‘अ‍ॅलिस’ लिहिणारे. लॉन टेनिसच्या स्पर्धांमध्ये दुसरं बक्षीस कुणालाही जातं, अशी त्यांची तक्रार होती आणि ती त्यांनी आकड्यांनी मांडली. समजा चिठ्ठ्या टाकून ३२ जणांच्या जोड्या लावल्या. सर्वांत चांगल्या खेळाडूची जागा सोडली तर ३१ जागा उरतात, आणि त्यांतल्या १५ त्याच्याच बाजूच्या अर्ध्या तक्त्यात आहेत. खरा दुसरा खेळाडू तिथे पडला तर अंतिम सामन्याआधीच पहिल्याशी गाठ पडून तो घरी जाणार. म्हणजे त्याला आपलं बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. पहिल्याच फेरीत पहिल्यासमोर उभा राहिला, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

साशंक : ठीक आहे, अन्याय मान्य. मग उपायही सरळ आहे. विजेत्याला बाजूला बसवा आणि उरलेल्या ३१ जणांची पुन्हा स्पर्धा घ्या. आणखी ३० सामने, एकूण ६१. दुसरा नक्की सापडेल. त्यासाठी आणखी डोकेफोड कशाला?

उत्साही : कारण त्या ३० सामन्यांपैकी बहुतेकांचं उत्तर तुमच्या हातात आधीच आहे, आणि तुम्ही ते फेकून देताय. एकच प्रश्न विचारा : दुसरा कोण असू शकतो? जो विजेत्याखेरीज आणखी कुणाकडून हरला, तो दुसरा नव्हे, कारण त्याच्या वर किमान दोघं आहेत. म्हणजे उमेदवार फक्त तेच, ज्यांना खुद्द विजेत्यानं हरवलं. विजेता ३२ जणांतून वर येताना पाच सामने खेळला, म्हणून उमेदवार पाच. त्या पाचांत आपसात चार सामने झाले की दुसरा हाती. एकूण ३५. कुस्तीतला रेपेशाज आठवा, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुशीलकुमार पहिल्याच कुस्तीत युक्रेनच्या स्टाडनिककडून हरला. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला, म्हणून त्याच्याकडून हरलेल्यांना पुन्हा संधी मिळाली आणि सुशीलनं कांस्य मिळवलं. फक्त तिथे विचार अर्ध्यावर सोडलाय. विजेत्याकडून आधी हरलेल्यांनाही कांस्यासाठीच लढायला मिळतं. रौप्य अंतिम फेरीत हरलेल्यालाच.

साशंक : पाच उमेदवार कोण, हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं ना? मैदानावर भिंतीला तक्ता लावलेला असतो, बघून सांगता येतं. संगणकात तुम्ही तो तक्ता कुठे टांगणार?

उत्साही : एका साध्या ओळीत. आठ संख्या घेऊ : ४१, ६७, २३, ७२, ८८, ९१, ३५, ५४. कप्प्यांना १ पासून १५ पर्यंत क्रमांक द्या आणि या आठ संख्या ८ ते १५ या कप्प्यांत ठेवा. नियम एवढाच की २k आणि २k+१ या कप्प्यांतल्या सामन्याचा विजेता k मध्ये लिहायचा. मागून सुरुवात करा. सातव्यात ५४ येतात, सहाव्यात ९१, पाचव्यात ७२, चौथ्यात ६७. मग तिसऱ्यात ९१, दुसऱ्यात ७२, आणि पहिल्या कप्प्यात ९१. सात तुलना झाल्या. अंतिम सामना ७२ हरले, म्हणून तुमच्या हिशेबानं उपविजेते ७२. आता विजेत्याच्या वाटेनं चला. ९१ तेराव्या कप्प्यातून निघाले, त्याचा जोडीदार कप्पा बारावा : तिथे ८८. तेराची निमपट सहा, जोडीदार सातवा : ५४. सहाची निमपट तीन, जोडीदार दुसरा : ७२. हे झाले तीन उमेदवार. ५४ आणि ७२ मध्ये ७२ जिंकले, ७२ आणि ८८ मध्ये ८८. आणखी दोन तुलना, एकूण नऊ. पहिल्याच फेरीत गारद झालेले ८८ खरे दुसरे निघाले. हरलेल्यांची वेगळी वही ठेवावी लागली नाही, जोडीदार कप्पा म्हणजेच वही.

साशंक : आठ हा सोयीचा आकडा घेतलात. खेळाडू पाच किंवा अकरा असले की पुढे चाल द्यावी लागते.

उत्साही : ती या मांडणीत आपोआप मिळते. पाच जण असले तर ते ५ ते ९ या कप्प्यांत बसतात. कुणी दोन पायऱ्यांत वर येतो, कुणी तीन, त्याहून जास्त कुणालाच लागत नाहीत. महत्त्वाचं आहे ते हेच, की सामन्यांचं हे झाड एका बाजूला लांबत जाऊ नये. समजा ३२ जणांत तुम्ही आखाड्याची जुनी रीत ठेवलीत, म्हणजे जिंकेल तो उभा राहील आणि पुढचा त्याला आव्हान देईल. पहिल्यांदाच उभा राहिलेला सगळ्यांत बलवान निघाला तर तो ३१ जणांना हरवतो आणि ३१ उमेदवार तयार होतात. तोच शेवटी आला तर त्याचा सामना एकच, उमेदवारही एकच. विजेता शोधायला दोन्ही वेळा ३१ सामनेच लागले. दुसऱ्याची किंमत मात्र झाडाच्या आकारावर ठरली.

साशंक : आता माझा खरा आक्षेप ऐका. तुम्ही झाड उभारता, मी दोनच खोके घेऊन बसतो : ‘आत्तापर्यंतचा पहिला’ आणि ‘आत्तापर्यंतचा दुसरा’. संख्या एकेक येते. आधी तिची दुसऱ्याशी तुलना करतो. ती लहान असेल तर विषय संपला. मोठी असेल तरच पहिल्याशी तुलना. संख्या यादृच्छिक क्रमानं आल्या असतील, तर i व्या क्रमांकावर आलेली संख्या तोपर्यंतच्या पहिल्या दोनांत असण्याची शक्यता i पैकी २. हजाराव्या संख्येपाशी ही शक्यता पाचशेत एक. म्हणजे दुसरी तुलना क्वचितच करावी लागते. १०२४ संख्यांसाठी मी बेरीज करून पाहिली, सरासरी १०३५ तुलना होतात. तुमच्या झाडाला किती?

उत्साही : १०२३ अधिक ९, म्हणजे १०३२.

साशंक : तीन तुलनांसाठी हजारभर कप्पे! माझे दोन खोके संगणकाच्या अगदी हाताशी राहतात, संख्या ओळीनं वाचल्या जातात. तुमचं झाड पुन्हा पुन्हा स्मृतीत लिहितं. घड्याळ लावून शर्यत लावलीत तर मी पैज माझ्यावर लावीन.

उत्साही : साध्या संख्या असतील तर पैज तुम्हीच जिंकाल, हे मी आधीच मान्य करतो. पण तुमच्या १०३५ मागे एक अट दडली आहे : संख्या यादृच्छिक क्रमानं याव्यात. त्या चढत्या क्रमानं आल्या तर? वेळेनुसार वाढत जाणारी नोंद, बिलांचे क्रमांक, रोज थोडी वाढणारी थकबाकी. प्रत्येक नवी संख्या दुसऱ्यापेक्षाही मोठी आणि पहिल्यापेक्षाही. मग १०२४ साठी २०४५ तुलना होतात, जवळजवळ दुप्पट. आणि तुमच्यासारखी हुशारी कमी लोक दाखवतात. बहुतेक जण आधी पहिल्याशीच तुलना करतात, मग यादृच्छिक क्रमातही जवळजवळ दुप्पट खर्च होतो. माझं झाड क्रम बघत नाही. संख्या कशाही आल्या तरी १०३२.

साशंक : मी आधी पत्ते पिसून घेईन. चढता क्रम मोडला की पुन्हा सरासरी १०३५.

उत्साही : सरासरी. हमी नाही. शिवाय पिसायचं तर सगळ्या संख्या आधी हातात हव्यात. एकेक येणाऱ्या संख्या दोन खोक्यांत बसवण्याचा तुमचा डौल तिथेच गेला.

साशंक : ते लागलं. बरं, हमीची भाषा करताय तर एक सांगा. १०३२ हून कमी तुलनांत कुणीच करू शकणार नाही, हे कशावरून? तुम्हाला सुचलं नाही म्हणून जगात कुणालाच सुचणार नाही, असं थोडंच आहे.

उत्साही : या शंकेला उत्तर मिळायला बराच काळ गेला. ही पद्धत १९३२ मध्ये ल्वूफचे गणिती युझेफ श्रायर यांनी मांडली. ल्वूफ तेव्हा पोलंडमध्ये होतं. याहून कमीत होणार नाही, असंही त्यांनी म्हटलं, पण ती सिद्धता पक्की नव्हती. पक्की सिद्धता किस्लित्सिन या रशियन गणितीनं १९६४ मध्ये दिली. तिच्या मागचा विचार आज असा सांगता येतो. तुम्ही कुठल्याही पद्धतीनं सामने लावा, निकाल मी देणार. माझं काम तुम्हाला जास्तीत जास्त राबवायचं, पण निकालांत विसंगती येऊ द्यायची नाही. सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात एक सोंगटी. अजून न हरलेले दोघं भिडले की ज्याच्याकडे सोंगट्या जास्त त्याला मी जिंकवतो आणि दुसऱ्याच्या सगळ्या सोंगट्या त्याला देतो. सारख्या असतील तर कुणालाही. आधी हरलेला न हरलेल्याशी खेळला तर न हरलेलाच जिंकणार, सोंगट्या हलणार नाहीत. आधीच हरलेले दोघं भिडले तर आधीच्या निकालांशी जुळेल तसं काहीही. आता बघा, एका विजयात कुणाच्याही सोंगट्या फार तर दुप्पट होतात. विजेत्याकडे शेवटी सगळ्या १०२४ जमा व्हायला हव्यात, कारण त्याच्याखेरीज प्रत्येक जण कधीतरी हरलेला असतो. एकापासून १०२४ पर्यंत जायला दहा दुपटी लागतात. म्हणजे तुम्ही कशीही जोडी लावा, मी विजेत्याला किमान दहा जणांना हरवायला लावतोच.

साशंक : दहा जण त्याच्याकडून हरले, इथवर कळलं. पुढे?

उत्साही : त्या दहांपैकी एक दुसरा. उरलेल्या नऊ जणांना ‘हा दुसरा नव्हे’ असं ठामपणे म्हणायचं तर प्रत्येकाचा आणखी एक पराभव दाखवावा लागेल, विजेत्याखेरीज कुणाकडून तरी. एका सामन्यात एकच जण हरतो. म्हणून पराभवच मोजा. १०२३ जणांचा प्रत्येकी एक आणि नऊ जणांचा आणखी एक. १०३२. n जणांसाठी n − 2 + ⌈log₂ n⌉. तुमचे दोन खोकेही याच नियमाखाली येतात. ते कधी नशिबानं कमीत सुटतात, पण मी निकाल द्यायला बसलो की त्यांना इथवर यावंच लागतं, आणि ते याच्या बरेच पुढे जातात.

साशंक : सिद्धतेत मला खोट दिसत नाही. म्हणूनच मी आता सिद्धतेच्या बाहेर उभा राहून विचारतो. या सगळ्यात एक गृहीत आहे : प्रत्येक तुलना खरी. अ नं ब ला हरवलं, ब नं क ला, म्हणजे अ क पेक्षा श्रेष्ठ. संख्यांत हे पक्कं. पण संख्यांची तुलना जवळजवळ फुकट असते, तिथे तीन वाचवले काय नि तीनशे वाचवले काय. तुलना महाग कुठे असते? टेनिसच्या सामन्यात दोन तास जातात. चहाचे दोन नमुने चाखून बघायचे तर जीभ थकते. नेमकं अशाच ठिकाणी निकालावर भरवसा नसतो. सर्वांत चांगला खेळाडू प्रत्येक सामना ९० टक्के खात्रीनं जिंकतो असं धरा. सलग पाच जिंकण्याची शक्यता ५९ टक्क्यांवर येते. आणि खरा दुसरा पहिल्या फेरीत अपघातानं एखाद्या सामान्य खेळाडूकडून हरला, तर तुमच्या झाडात तो कायमचा मेला. विजेत्याशी त्याची गाठच पडली नाही, तो उमेदवारही होत नाही. डॉजसनना जो अन्याय खुपला तो तुम्ही दूर केलात, पण त्यांचाच दुसरा समज तसाच ठेवलात, की चांगला खेळाडू नेहमी जिंकतो.

उत्साही : हे मी नाकारत नाही. उलट तुमच्यापेक्षा कठोरपणे सांगतो. माझी सगळी बचत येते कुठून? कुठलीही गोष्ट दोनदा न विचारण्यातून. आणि चूक पकडायला तर तीच गोष्ट पुन्हा विचारावी लागते. प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवलं तर ३२ जणांचे ४९६ सामने होतात, एखादा चुकीचा निकाल त्यात बुडून जातो. माझ्या ३५ सामन्यांत चुकीला बुडायला जागाच नाही. प्रत्येक निकालावर भार आहे.

साशंक : मग तुमचं झाड बिनकामाचं. स्वस्त तुलना असल्या तर गरज नाही, महाग असल्या तर भरवसा नाही.

उत्साही : म्हणजे महागही आणि अचूकही अशी तुलना दाखवली तर मानाल? विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये अभ्यासलेला लिलाव घ्या. बंद पाकिटातल्या बोली. सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकतो, पण पैसे भरतो दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. तिथे नेमक्या याच दोन गोष्टी हव्यात : पहिला कोण आणि दुसरा आकडा किती. आता समजा पाकिटं उघडणाऱ्या माणसावर कुणाचाच विश्वास नाही. बोली कुलूपबंद ठेवूनच तुलना करायची. दोन लक्षाधीशांपैकी जास्त श्रीमंत कोण, हे आपापली संपत्ती न सांगता ठरवता येतं, असं अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये दाखवलं. अशी तुलना संदेशांची देवाणघेवाण करत, अंकाअंकानं पुढे सरकते. साध्या तुलनेच्या मानानं प्रचंड महाग, पण उत्तर अचूक. आणि इथे तुमचे खोके अडचणीत येतात. ‘दुसऱ्यापेक्षा लहान, म्हणून पुढची तुलना टाळली’ असं करता येत नाही. तुलना टाळली, हे दिसलं की ती बोली लहान होती हे फुटलं. म्हणून प्रत्येक बोलीला दोन्ही तुलना कराव्याच लागतात. १०२४ बोलींना २०४५. सरासरीचा आधार गेला.

साशंक : पण तुमच्या झाडाचंही तेच होईल. विजेत्याच्या वाटेनं चालत जायचं म्हणजे ती वाट कुणालातरी दिसणार. कोण कुणाकडून हरलं, हे तुम्ही चव्हाट्यावर आणताय.

उत्साही : वाट चालायची नाही. प्रत्येक विजेता आपल्याकडून हरलेल्यांची यादी सोबत घेऊन वर चढतो, आणि दोन याद्यांतून कुठली वर जाते ते कुलुपाआडच निवडलं जातं. माथ्याशी दहा जणांची यादी येते, कोणाची ते कुणालाच दिसत नाही. तुलना १०३२ च.

साशंक : लपवून निवडणं फुकट होतं का? काही पद्धतींत अशी एक निवड जवळपास एका तुलनेइतकीच पडते. तुम्ही तुलना मोजताय आणि निवडी पोत्यात घालताय. त्यापेक्षा मी वेगळं झाड लावीन. प्रत्येक गाठीवर यादी नको, फक्त पहिला आणि दुसरा. दोन बाजू मिळाल्या की पहिल्या-पहिल्यांची तुलना, मग हरलेल्याची जिंकलेल्या बाजूच्या दुसऱ्याशी.

उत्साही : त्यात १५३४ तुलना होतात. आणि निवडी मोजल्या तर गंमत आहे. हरलेला वेगळा निवडावा लागत नाही, दोघांच्या बेरजेतून विजेता वजा केला की तो मिळतो. हे धरून हिशेब केला तर तुमच्या आणि माझ्या झाडात लपवून करायच्या निवडी अगदी सारख्या निघतात. म्हणजे माझा ५०२ तुलनांचा फायदा निखळ आहे.

साशंक : तुलनांचा, हो. पण एकावेळी किती करता येतात ते बघा. तुमची दहा फेऱ्यांची स्पर्धा संपल्याशिवाय यादी पुरी होत नाही, आणि मग त्या दहा जणांना आणखी चार फेऱ्या. एकूण १४. माझ्या झाडात दुसऱ्याची तुलना चालू असतानाच वरच्या गाठीवर पहिल्यांची तुलना सुरू होते. दुसरा पहिल्याच्या फक्त एक पाऊल मागे राहतो. ११ फेऱ्यांत संपलं. बोली लावणारा एक मुंबईत आणि एक न्यूयॉर्कमध्ये असेल, तर प्रत्येक फेरीला संदेश समुद्रापार जाऊन परत येण्याची वाट बघावी लागते. तिथे मला १५३४ परवडतील, तुमच्या तीन जादा फेऱ्या परवडणार नाहीत.

उत्साही : सोंगट्यांची सिद्धता फेऱ्यांबद्दल चकार शब्द काढत नाही, हे खरं. पण सगळी यंत्रं एकाच खोलीत असतील तर समुद्र आडवा येत नाही आणि ५०२ तुलनांचं बिल तुमच्या नावावर फाटतं. मला आधी एवढंच सांगा, तुमच्या लिलावात बोली लावणारे बसलेत कुठे?